बत्तीस घरे सरकवली तर?

तिसरीच्या वर्गात आपण शिकवतो, की संख्येचे सर्व अंक एक घर डावीकडे सरकवून उजवीकडे शून्य मांडले की संख्या दसपट होते. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. त्यामुळे तेथे एक घर डावीकडे सरकवल्यास संख्या दुप्पट होते. सी भाषेत ही क्रिया `<<` या चिन्हाने लिहितात. उजवीकडे सरकवण्यासाठी `>>` हे चिन्ह आहे. फरक इतकाच, की फळ्यावर हवी तितकी जागा असते आणि संगणकात घरे मोजकीच असतात. आज साध्या पूर्णांकाला बहुधा बत्तीस घरे मिळतात.

आता असे समजू, की वैरागच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांना एकच काम दिले: उजवीकडील `n` घरांत एक आणि उरलेल्या घरांत शून्य असलेली संख्या तयार करा. दोघांनीही नेहमीची युक्ती वापरली.

```c
m = (1u << n) - 1;
```

`n` तीन असेल तर एक हा अंक तीन घरे सरकून आठ होतो, त्यातून एक वजा केल्यावर सात, म्हणजे 111 उरते. उत्तर बरोबर आहे. पण `n` बत्तीस असेल तेव्हा? सर्व घरांत एक, म्हणजे 4294967295 हे उत्तर यायला हवे. प्रयोगशाळेतील इंटेल जातीच्या संगणकावर शून्य येऊ शकते, आणि बत्तीस बिटांच्या जुन्या एआरएम मोबाइलवर तोच कार्यक्रम 4294967295 दाखवू शकतो. मग गुण कोणाला द्यायचे?

याचे कारण प्रोसेसरच्या रचनेत आहे. 1978 सालचा इंटेल 8086 सांगितली तितकी घरे एकेक करून सरकवत असे. संख्या मोठी असली की वेळही तितकाच लागे. म्हणून 1982 च्या 80286 पासून इंटेलने सरकवण्याच्या संख्येतील फक्त शेवटचे पाच बिट वाचायचे ठरवले. पाच बिटांत 31 पर्यंतच आकडे मावतात, त्यामुळे 32 म्हणजे 100000 हा आकडा शून्य म्हणून वाचला जातो. काहीच सरकत नाही, एक तसाच राहतो आणि एकातून एक गेल्यावर शून्य उरते. बत्तीस बिटांचा एआरएम मात्र आठ बिट वाचतो. तेथे एक खरोखरच घरांबाहेर पडतो, शून्य उरते आणि त्यातून एक वजा केल्यावर सर्व घरे एकने भरतात.

सीचे मानक 1989 साली ठरले. सर्व यंत्रांवर एकच उत्तर हवे असा नियम केला असता, तर प्रत्येक सरकवण्याआधी काही यंत्रांना जादा तपासणी करावी लागली असती. म्हणून मानकाने ही गोष्ट अपरिभाषित ठेवली. सरकवण्याची संख्या ऋण असेल, किंवा घरांच्या संख्येइतकी वा तिच्याहून मोठी असेल, तर काय होईल याची हमी नाही. इंटेलवर एक आणि एआरएमवर शून्य, एवढेच पर्याय आहेत असेही समजू नये. अशी वेळ येणारच नाही असे गृहीत धरण्याची कंपायलरला मोकळीक आहे, त्यामुळे एकाच संगणकावरही कंपायलरचे पर्याय बदलले की उत्तर बदलू शकते. म्हणजे मोबाइलवाल्याचे उत्तर बरोबर आले तरी त्याचा कार्यक्रम बरोबर नव्हता. `n` ऋण नाही असे धरून, दुरुस्ती अशी:

```c
if (n < 32)
    m = (1u << n) - 1;
else
    m = ~0u;
```

ऋण संख्या उजवीकडे सरकवण्याची गोष्ट वेगळी आहे. सोयीसाठी आठच घरे घेऊ. त्यांत -7 ही संख्या 11111001 अशी साठवतात. एक घर उजवीकडे सरकवल्यावर डावीकडे एक घर रिकामे होते. तेथे चिन्हाचा एक पुन्हा भरला तर 11111100, म्हणजे -4 मिळते. शून्य भरले तर 01111100, म्हणजे 124! येथे सीचे मानक निवड कंपायलरवर सोपवते, पण कंपायलरने ती निवड लिहून जाहीर केली पाहिजे अशी अट घालते. जीसीसी चिन्हाचा बिट भरतो. सी++ ने 2020 च्या मानकापासून हीच रीत सक्तीची केली, सीमध्ये ती अजून सक्तीची नाही. शिवाय -4 मिळाले तरी ते भागाकाराचे उत्तर नव्हे. सीमध्ये `-7 / 2` चे उत्तर -3 येते, कारण भागाकार शून्याच्या दिशेने तोडला जातो. ऋण संख्येची निमपट हवी असेल तर भागाकारच लिहावा.

चूक ओळखायची कशी? सरकवण्याची संख्या थेट आकड्यात लिहिली असेल तर जीसीसी बहुधा सूचना देतो. ती चलात असेल तर कार्यक्रम `-fsanitize=undefined` हा पर्याय देऊन तयार करावा व चालवावा, म्हणजे चूक घडताच ओळ क्रमांकासह संदेश येतो.

वरील दोन विद्यार्थ्यांपैकी पूर्ण गुण कोणालाच देता येणार नाहीत. पण `1 << 32` चे उत्तर काय, असा प्रश्न परीक्षेत आला आणि एखाद्याने 'ठरलेले नाही' असे लिहिले, तर पूर्ण गुण त्याचे.