भिंतीवरची इमारत, पाचशे येन

जपानच्या सहलीहून परतलेल्या मामांनी फोनवर एक फोटो दाखवला. क्योटोतल्या एका लहानशा खानावळीची भिंत, तिच्यावर टांगलेल्या कागदाच्या उभ्या पट्ट्या, आणि शेजारी स्वच्छ मराठीत पदार्थांची नावं. क्षणभर वाटलं, मराठी माणसानेच तिथे हॉटेल थाटलंय. ‘टूरवाल्यांनी करून पाठवलं,’ मामा म्हणाले. ते नेमकं कोण आणि कसं करतं हे बघायला पुण्यातल्या त्या टूर कंपनीच्या ऑफिसात गेलो.

मागच्या खोलीत सहलीबरोबर पाठवायची खोकी भरली जात होती. भाकरवडी, चिवडा, मेतकूट. त्या खमंग वासात कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक मुलगी कागदी पट्टीवरची शाई पुसत बसली होती. तिथे असेपर्यंत माझं लक्ष पुन्हापुन्हा त्या पुसण्याकडेच जात राहिलं.

टूर मॅनेजर हॉटेलांत जाऊन फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. फोटो आधी फोनमधल्या भाषांतराच्या ॲपमधून जातो. ॲप चित्रात अक्षरं कुठे आहेत ते शोधतं, ती वाचतं, भाषांतर करतं, आजूबाजूच्या रंगाने मूळ अक्षरं झाकतं आणि नवी अक्षरं वर काढतं. २०१० साली वर्ड लेन्स नावाचं ॲप आलं तेव्हा लोकांना ही जादू वाटली होती. २०१४ मध्ये गूगलने ते बनवणारी कंपनी घेतली आणि आता ही सोय कुणाच्याही खिशात असते.

‘मग तुझं काम काय उरलं?’ मी विचारलं.

‘काका, हे वाचा,’ ती म्हणाली आणि ॲपमधून आलेला, मामांच्या फोटोतल्या त्याच खानावळीचा नवा फोटो उघडला. एका पट्टीवर लिहिलं होतं: ‘इमारत’. खाली किंमत, ५०० येन.

ती बिअर होती. जपानीत बिअरला ‘बीरु’ म्हणतात. त्यातला लांब स्वर दाखवायला एक रेघ असते. मजकूर आडवा असला की ही रेघ आडवी असते, उभा असला की उभी. पट्टीवर ती उभी होती, ब्रशने ओढलेली आणि किंचित फिकट. यंत्राने ती कागदाची घडी समजून सोडून दिली आणि ‘बीरु’चं ‘बिरु’ झालं. बिरु म्हणजे इमारत. अशा रेघेला कधीकधी इंग्रजी एकचा आकडाही समजलं जातं. पण ते बरं, ती म्हणाली, कारण शब्दाच्या मधोमध आकडा आला की चूक झाल्याचं लगेच कळतं. ‘इमारत’ मात्र नीट छापलेली दिसते.

दुसरा घोळ पट्ट्यांच्या जवळिकीतून होतो. प्रत्येक पट्टीवर वर पदार्थ आणि खाली किंमत असते, शिवाय वाचायचं उजवीकडून डावीकडे. तीन पट्ट्या चिकटून टांगलेल्या असल्या की यंत्राला त्यांची वरची टोकं ही एकच आडवी ओळ वाटते. मग तीन पदार्थांचं एक वाक्य होतं आणि किमती भलत्यांच्या गळ्यात पडतात. म्हणून ती आधी फोटोवर प्रत्येक पट्टीभोवती हाताने चौकट काढते, एकेक तुकडा वेगळा वाचून घेते आणि शंका आली की जपानी शिकलेल्या सहकारी ताईंना विचारते.

खरी कसरत मजकूर परत चित्रात बसवताना होते. उजवीकडून तिसरी पट्टी होती ‘सान्साई सोबा’ची, म्हणजे रानभाज्या घातलेल्या, कुट्टूच्या पिठाच्या शेवया, ७५० येन. जपानीत हे नाव चार अक्षरांचं आहे. ती चार एकाखाली एक उभी राहतात आणि फोटोतल्या नव्वद पिक्सेल रुंदीच्या पट्टीत आरामात मावतात. मराठीत तसं होत नाही. आपली शिरोरेषा अक्षरांना हात धरून आडवं नेते.

‘छत्तीस पिक्सेलच्या खाली मी मराठी लिहीतच नाही,’ ती म्हणाली. एक हजार ऐंशी पिक्सेल रुंदीचा फोटो फोनभर दिसतो तेव्हा छत्तीस पिक्सेल म्हणजे दोन मिलिमीटरहून थोडं जास्त. सहलीतली मंडळी साठीच्या पुढची असतात. त्यात आपल्याकडे ओळीवर रफार आणि अनुस्वार, ओळीखाली उकार. इंग्रजी मोठी अक्षरं जेवढ्या उंचीत बसतात तेवढीच जागा दिली तर मात्रांची डोकी कापली जातात. नव्वदच्या पट्टीत छत्तीसने लिहिलं तर ओळीत जेमतेम तीन अक्षरं. ‘रानभा’, खाली ‘ज्या’.

मजकूर आडवा करून उभ्या पट्टीत बसवावा, तर वाचायला फोन तिरका करावा लागतो. फोन तिरका केला की चित्रही फिरतं! पहिल्या ग्रुपमधल्या आजोबांचा अर्धा दिवस त्यात गेला म्हणे.

शिवाय सॉफ्टवेअरची जुनी खोड आहेच. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये टाइपच्या सेटिंगमधला ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. या जाचापायी आपल्याकडचे कितीतरी डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपीच्या जुन्या फाँटांना चिकटून राहिले. त्यांना हसणाऱ्यांनी एकदा तरी ‘किंमत’ची ती दशा बघावी.

मग तिने मला पुसून दाखवलं. ‘हील’ नावाचं साधन घेतलं आणि तीन फटक्यांत शाई गेली. कागदाचा पिवळटपणा, सुरकुती, सगळं जागेवर. लाकडी पाटीवर हे इतकं साधत नाही, रेषा मध्येच तुटतात. चकचकीत प्लास्टिकच्या मेन्यूवर दिव्याची तिरीप पुसली जाते आणि डाग पडतो. कागदावर मात्र तिथे कधी जपानी होतं याचा मागमूसही उरला नाही. कसब वाखाणण्यासारखंच, पण मला ते बघवेना. ‘इमारत’ असं पुसून छापली असती तर ती चूक आहे हे कुणाला, कशावरून कळलं असतं?

तिची तक्रार माझ्याहून व्यवहाराची होती. ‘मूळ पुसलं तर माणूस वेटरला बोट कशावर ठेवून दाखवणार? त्याला मराठी येतं का?’

म्हणून तिने पुसलेलं सगळं परत आणलं. प्रत्येक पट्टीच्या वर लाल गोलात एक आकडा टाकला आणि शेजारच्या रिकाम्या भिंतीवर छत्तीस पिक्सेलमध्ये यादी लिहिली. फोटो जरा बाजूने काढलेला होता, म्हणून यादीची चौकट चारी कोपरे ओढून भिंतीच्या तिरकेपणात बसवली. छापील आडव्या मेन्यूतही ती मराठी ओळ जपानी ओळीच्या खालच्या फटीत घालते. फट छत्तीसहून कमी असली तर समासात. टूर मॅनेजरला हे आवडत नाही. ‘ॲपचं किती गुळगुळीत दिसतं,’ असं तो ऐकवत असतो.

यादीत तिसऱ्या आकड्यापुढे तिने लिहिलं: ‘रानभाज्यांचे सोबा, ७५०’. त्यापुढे कंसात: ‘रस्सा माशाचा असू शकतो, विचारा’. हे पट्टीवर कुठेच नव्हतं. सोब्याच्या रश्श्याला बहुधा ‘दाशी’ लागते आणि ती बऱ्याचदा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. तिथल्या गिऱ्हाइकाला ते सांगावं लागत नाही, म्हणून लिहीतही नाहीत. यंत्राने इथे सगळं बरोबर वाचलं होतं, भाषांतरही बरोबर होतं, आणि तरी माळकरी माणसाने ते वाचून बिनघोर मागवलं असतं.

‘हे भाषांतरात बसतं का?’ मी विचारलं.

‘नसेल बसत. म्हणून मी ते निळ्यात लिहिते. काळं ते दुकानाचं, निळं ते आमचं.’

चित्र झाल्यावर तिने ते ग्रुपवर फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवलं. फोटो म्हणून गेलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि अनुस्वार पहिले जातात. तेवढ्यात मॅनेजरचा निरोप आला, ओसाकातल्या हॉटेलचे अकरा फोटो, त्यातले चार हललेले. ‘दादा, सरळ उभं राहून परत काढा,’ असं टाइप करून तिने उरलेले सात उघडले.