नो-कोड जोडणीत पैसे नेमके कशाचे?

जालन्यात सळईचा भाव रोज बदलतो. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून निघालेला माल विकणाऱ्या मध्यम व्यापाऱ्याला इंडियामार्टसारख्या पोर्टलवरून, फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चौकश्या येत असतात. सकाळी अकराला आलेल्या चौकशीला संध्याकाळी उत्तर गेले, तर तोवर गिऱ्हाइकाने दुसरीकडून भाव घेतलेला असतो. ही गळती थांबवण्यासाठी झॅपियर, मेक, पॅबली कनेक्ट यांसारखी साधने वापरता येतात. कोड न लिहिता ती एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात पोचवतात. पण या कामाबद्दल दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. करून देणाऱ्याला वाटते की आपण जोडणी विकतो, आणि घेणाऱ्याला वाटते की एकदा पैसे दिले की विषय संपला. माझ्या मते जोडणी हा या व्यवहारातला सर्वांत स्वस्त भाग आहे. मोल आहे ते नेमके काम निवडण्याला आणि ते चालू आहे की नाही यावर रोज नजर ठेवण्याला.

पहिला गैरसमज असा की आधी साधन घ्यायचे आणि मग त्यात दुकानाचा सगळा कारभार बसवायचा. खरे तर सुरुवात मुनीमजींच्या टेबलाशेजारी दोन दिवस बसून होते. प्रत्येक काम दिवसातून किती वेळा होते, दर वेळी किती मिनिटे लागतात आणि ते राहून गेले तर काय बुडते, एवढे तीनच प्रश्न वहीत लिहायचे. समजा, एका दुकानात दिवसाला 25 चौकश्या येतात आणि प्रत्येकीची नोंद करून ती विक्रीच्या माणसाला कळवायला चार मिनिटे लागतात. म्हणजे रोजची 100 मिनिटे गेली. त्याहून मोठा तोटा उशिराचा असतो. हे काम वारंवार होते, त्याचे नियम ठरलेले आहेत आणि चूक झाली तर सुधारता येते, म्हणून ते यंत्राकडे द्यायला योग्य आहे. भाव सांगणे मात्र माणसाकडेच राहू द्यावे. टनामागे 200 रुपये सोडायचे की नाही हे पार्टी जुनी आहे का, उधारी किती आहे, माल कुठे उतरवायचा आहे यावर ठरते, आणि एकदा पाठवलेला चुकीचा भाव मागे घेताना शब्द जातो. ‘टॅलीपण जोडून द्या’ ही मागणी हमखास होते. टॅली बहुतेक दुकानांत तिथल्याच संगणकावर चालते, त्यामुळे इंटरनेटवरच्या साधनाला ती थेट दिसत नाही. मध्ये वेगळा सेतू लागतो. पहिल्याच कामात तो विषय घेऊ नये.

म्हणून प्रवाह एकच बांधायचा. पोर्टलवर नवी चौकशी आली की तो सुरू होतो. पहिली पायरी मोबाइल क्रमांक साफ करण्याची. कुणी आधी शून्य लावतो, कुणी +91, कुणी मध्ये मोकळी जागा सोडतो, म्हणून शेवटचे दहा अंक घेऊन पुढे 91 जोडायचे. हे केले नाही तर एकच गिऱ्हाईक तीनदा नोंदले जाते. मग तो क्रमांक गुगल शीटमध्ये शोधायचा. नसेल तर नवी ओळ, असेल तर जुन्याच ओळीत नवी तारीख. त्यानंतर विक्रीच्या माणसाला नाव, गाव, किती एमएमची सळई आणि किती टन एवढे कळवायचे आणि गिऱ्हाइकाला चौकशी पोचल्याची पावती द्यायची. अर्ध्या तासात ‘संपर्क केला’ हा रकाना रिकामाच राहिला, तर मालकाला सूचना जाते. ही शेवटची पायरी अनेक जण वगळतात, पण उशीर थांबतो तो तिच्यामुळेच.

‘हे सगळे फुकटात होते’ हा गैरसमज इथे हिशेबाने सुटतो. झॅपियरच्या मोफत योजनेत महिन्याला 100 टास्क मिळतात आणि प्रवाहात दोनच पायऱ्या ठेवता येतात. 25 चौकश्या आणि प्रत्येकीच्या चार मोजल्या जाणाऱ्या पायऱ्या धरल्या तर ते 100 टास्क पहिल्याच दिवशी संपतील. व्हॉट्सअ‍ॅपचेही तसेच. ज्याने आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेले नाही, त्याला आपोआप संदेश पाठवायचा तर अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्मवरून, मेटाने मंजूर केलेल्या मजकुरातच आणि त्या माणसाच्या संमतीनेच पाठवावा लागतो. 1 जुलै 2025 पासून अशा संदेशांचे शुल्क प्रत्येक संदेशामागे आकारले जाते. गिऱ्हाइकाने उत्तर दिले की पुढचे 24 तास मोकळेपणाने लिहिता येते. ब्राउझरमध्ये एखादे एक्स्टेंशन टाकून फुकट संदेश पाठवणारे भेटतात, पण त्यात क्रमांक बंद होण्याचा धोका असतो. दुकानाच्या पाटीवर आणि बिलांवर छापलेला क्रमांक बंद पडला तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट नुकसान होते. प्रवाहासाठी वेगळा क्रमांक घेणेच शहाणपणाचे.

आता सर्वांत चिवट आक्षेप. मालक विचारतो, ‘एकदा बांधून दिलेत, मग दर महिन्याला पैसे कशाचे?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रवाह कसा मोडतो यात आहे. तो सहसा गाजावाजा न करता मोडतो. शीटमध्ये कुणीतरी सोयीसाठी एक रकाना वाढवतो किंवा रकान्याचे नाव बदलतो. मालक गुगल खात्यातून जोडणीची परवानगी काढून टाकतो. विक्रीचा माणूस नोकरी सोडतो, तरी सूचना त्याच्याच मोबाइलवर जात राहतात. बिघाडाचा ईमेल येतो, पण कुणी न उघडणाऱ्या खात्यावर. दुकानात सगळ्यांना वाटते की आज चौकश्या कमी आल्या. यावर साधा उपाय आहे: रोज रात्री नऊला मालकाला आणि बांधणाऱ्याला दिवसभराच्या नोंदींचा आकडा पाठवायचा आणि तो पोर्टलवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा. पोर्टलवर 23 आणि शीटमध्ये 17 असेल तर सहा कुठे अडल्या ते त्याच रात्री शोधायचे. संदेशच आला नाही, तर तीही बिघाडाची खूण. महिन्याचे पैसे या ताळ्याचे आणि दुरुस्तीचे आहेत.

उदाहरणादाखल, तीन दिवसांच्या कामाचे सुरुवातीचे 12,000 रुपये आणि दरमहा 1,500 रुपये ठरले असे धरू. सुरुवातीच्या रकमेत दोन दिवसांचे निरीक्षण आणि एका दिवसाची बांधणी आली. दरमहाचे काम एका आठवड्याची चाचणी संपल्यावर सुरू झाले असे धरायचे, आणि त्या आठवड्यात मुनीमजींची वही बंद करायची नाही, म्हणजे दोन्ही नोंदी ताडून पाहता येतात. दरमहाच्या रकमेत रोजचा ताळा, कामाच्या एका दिवसात दुरुस्ती आणि माणूस किंवा क्रमांक बदलणे यांसारखे लहान फेरफार येतात. नवा प्रवाह हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. साधनाचे आणि संदेशांचे शुल्क मालकाने स्वतःच्या कार्डावरून थेट भरावे, आणि गुगल, मेटा, कनेक्टर ही तिन्ही खाती त्याच्याच नावावर असावीत. यामुळे मालक सहज सोडून जाईल अशी भीती बांधणाऱ्याला वाटते. पण खाती अडकवून राखलेला मालक पहिल्या भांडणातच तुटतो, आणि गिऱ्हाइकांचे क्रमांक ही त्या दुकानाची मिळकत आहे, आपली नाही. दिवसाला पाचच चौकश्या येणाऱ्या दुकानाला मात्र हा प्रवाह विकूच नये. तिथे वही आणि रोज ठरलेल्या वेळी केलेले पाच फोन पुरतात, आणि निरीक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मालकाला तसे सांगून फक्त त्या दोन दिवसांचे पैसे घ्यावेत.