थेंब जितका लहान, तितका उतावीळ

मे महिन्यातल्या दुपारी अकोल्याच्या जठारपेठेत पारा त्रेचाळीसच्या पुढे असतो आणि हवेतली आर्द्रता कधी कधी पंधरा टक्क्यांवर येते. अशा वेळी लग्नाच्या मंडपात पाण्याचे बारीक तुषार उडवणारे पंखे लावतात. तुषार पंख्यातून निघताना धुरासारखे दिसतात आणि हातभर अंतरावर नाहीसे होतात. त्याच पंख्याचे नोझल खराब होऊन मोठे थेंब पडू लागले, की पाहुण्यांचे कपडे भिजतात. पाणी तेच, हवाही तीच. फरक फक्त थेंबाच्या आकाराचा.

लहान थेंब लवकर का आटतो, याची कारणे दोन आहेत आणि ती बहुधा एकमेकांत मिसळली जातात. जठारपेठेतल्या तुषारांना लागू पडते ते एक, आणि पावसाळ्यात जठारपेठेवर जमणाऱ्या ढगाला लागू पडते ते दुसरे.

पहिले कारण साधे आहे. थेंबाभोवती वाफेचे एक पातळ आवरण असते आणि त्याची जाडी साधारण थेंबाच्या त्रिज्येएवढी असते. थेंब लहान, तर आवरण पातळ, म्हणून वाफेला बाहेर पडायचा रस्ता आखूड. शिवाय लहान थेंबात पाण्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त असतो. दोन्ही मिळून हिशेब असा होतो, की थेंबाचा व्यास दुप्पट केला तर त्याचे आयुष्य चौपट वाढते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. अकोल्याच्या मे महिन्यातल्या दुपारी कोरड्या आणि ओल्या तापमापीत सुमारे वीस अंशांचा फरक असतो. अशा हवेत 100 मायक्रॉन व्यासाचा थेंब सहा सेकंदांत आटतो, 50 मायक्रॉनचा दीड सेकंदात, आणि 20 मायक्रॉनचा पाव सेकंदात.

कपाशीवर फवारणी करणाऱ्याला हा हिशेब न मांडताही ठाऊक असतो. ऑक्टोबर हिटच्या भर दुपारी दोन तापमापींतला फरक बारा अंशांच्या आसपास असतो. नोझल पानापासून दीड फुटावर धरले, तर 100 मायक्रॉनचा थेंब दोन सेकंदांत पानावर पोचतो आणि त्याला आटायला दहा सेकंद लागतात. 50 मायक्रॉनच्या थेंबाला तेवढेच अंतर निव्वळ वजनाने उतरायला सहा-सात सेकंद हवेत, आणि तो अडीच सेकंदांतच संपतो. पाणी उडते, औषध हवेत राहते आणि वाऱ्याने शेजारच्या धुऱ्यावर जाते. म्हणून फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करायची, आणि दाब वाढवून उगाच धुके पाडायचे नाही.

आता दुसरे कारण. सपाट पाण्याच्या पृष्ठभागावरच्या रेणूला आजूबाजूचे आणि खालचे रेणू ओढून धरतात. पृष्ठभाग वक्र झाला, की कडेचे शेजारी किंचित खाली सरकतात, ओढ कमी पडते आणि रेणू सुटून वाफेत जाणे सोपे होते. त्यामुळे इवल्या थेंबावरचा बाष्पदाब सपाट पाण्यापेक्षा जास्त असतो. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञाने, 1871 मध्ये हा संबंध मांडला. आजच्या रूपात तो असा लिहितात:

ln(p/p₀) = 2γV/(rRT)

इथे p म्हणजे थेंबावरचा बाष्पदाब, p₀ सपाट पाण्यावरचा, γ पृष्ठताण, V एका मोलचे आकारमान, r त्रिज्या, R वायुस्थिरांक आणि T निरपेक्ष तापमान. 25 अंशांच्या पाण्यासाठी आकडे घातले, तर 10 मायक्रॉन त्रिज्येच्या थेंबावर दाब फक्त 0.01 टक्का वाढतो. एक मायक्रॉनला 0.1 टक्का, दशांश मायक्रॉनला एक टक्का. 10 नॅनोमीटरला, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाला, अकरा टक्के. एक नॅनोमीटरच्या थेंबात जेमतेम 140 रेणू मावतात. तिथे सूत्र ताणले जाते, तरी उत्तर पावणेतीन पटीच्या आसपास येते.

मंडपातल्या तुषाराची त्रिज्या 10 मायक्रॉन धरा. हवा संपृक्त होण्यापासून 85 टक्के दूर आहे. त्यात वक्रतेची भर 0.01 टक्का. म्हणजे तो तुषार केल्व्हिनच्या नियमाने नव्हे, आखूड वाटेने आणि जास्त पृष्ठभागाने उडतो. वक्रतेचा जोर लागायचा तर अगदी शेवटच्या क्षणी, थेंब नॅनोमीटरांत आल्यावर.

वऱ्हाडात तोही क्षण बहुधा येत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. बोअरचे पाणी खारे असेल, समजा लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असतील, तर 20 मायक्रॉनचा तुषार आटल्यावर सुमारे दोन मायक्रॉनचा क्षाराचा कण उरतो. कूलरच्या जाळीवर आणि पंख्याच्या पात्यांवर जमणारी पांढरी पूड तीच. थेंब त्याहून लहान होऊच शकत नाही.

उलट्या दिशेने विचार केला, की ढगाचे गणित उलगडते. शुद्ध हवेत वाफेपासून थेंब तयार व्हायचा, तर सुरुवात इवल्या थेंबापासूनच होणार, आणि इवला थेंब तर सर्वांत उतावीळ. तो थोडा आटला, की आणखी वक्र होतो, दाब आणखी वाढतो आणि तो आणखी वेगाने आटतो. ढगात आर्द्रता शंभर टक्क्यांच्या वर क्वचितच एका टक्क्याहून जास्त चढते. तेवढ्यात टिकायला थेंबाची त्रिज्या किमान दशांश मायक्रॉन हवी, म्हणजे सुमारे चौदा कोटी रेणू योगायोगाने एका जागी जमले पाहिजेत. ते होत नाही. केंब्रिजमध्ये चार्ल्स विल्सन यांनी 1890 च्या दशकात धूळ काढून टाकलेली हवा एकदम प्रसरण पाववून थंड केली, तेव्हा दाट धुके जमायला संपृक्ततेच्या सुमारे आठ पट वाफ लागली. आभाळात इतकी कधीच नसते.

तरीही ढग होतात, कारण हवेत मिठाचे आणि इतर विरघळणारे कण असतात. स्वीडनच्या हिल्डिंग कोलर यांनी 1936 मध्ये याचा हिशेब पक्का केला. विरघळलेले मीठ बाष्पदाब उतरवते, आणि थेंब लहान होऊ लागला की द्रावण घट्ट होऊन ही उतरण वाढते. वक्रता थेंबाला उडवू पाहते, मीठ त्याला धरून ठेवते. 100 नॅनोमीटर व्यासाचा मिठाचा कोरडा कण असेल, तर आर्द्रता शंभराच्या वर फक्त 0.12 टक्के गेली तरी थेंब वाढत सुटतो. कण आणखी मोठा असेल, तर त्याहूनही कमी पुरते.

कृत्रिम पावसाची एक पद्धत यावरच उभी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात प्रयोग केला. विमानाच्या पंखांवरच्या नळकांड्या ढगाच्या तळाशी पेटवून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले. एकूण 276 ढग अभ्यासले. त्यांतले काही चिठ्ठी टाकावी तसे निवडून त्यांत कण सोडले, उरलेले तुलनेसाठी ठेवले. संस्थेने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात पाऊस सुमारे 18 टक्क्यांनी वाढलेला दिसला.

हा आकडा वाचताना मर्यादाही पाहायला हवी. मीठ वाफ निर्माण करत नाही, फक्त वक्रतेचा अडसर कमी करते. मोठे कण आधी थेंब बनतात, ते मोठे असल्याने खाली येताना लहान थेंबांना गिळतात, आणि एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. त्यासाठी दमट हवा वर चढणारा, पुरेसा खोल ढग आधीच असावा लागतो. जुलैत वऱ्हाडात पाऊस दडी मारून बसतो, तेव्हा बहुतेक वेळा असा ढगच नसतो. कृत्रिम पावसाची मागणी जोर धरते ती नेमकी त्याच दिवसांत. विमान येणार अशी बातमी आली, की विमान कधी येणार याआधी विचारायचे ते हे, की त्या दिवशी आभाळात पेरण्याजोगे ढग किती आहेत.