वहीतली लाल टिंबं
मैत्रिणीच्या शुगरच्या वहीत तारखांशेजारी लाल टिंबं दिसली, म्हणून मी तिच्यासोबत पुण्यातल्या तिच्या मधुमेह दवाखान्यात गेले. ती टिंबं म्हणजे पाळीचे दिवस. तिथल्या सिस्टरनी तिला ती द्यायला लावली होती.

मैत्रीण चौतीस वर्षांची, टाइप १ मधुमेहाची. उपाशीपोटीची शुगर एरवी १२०च्या आसपास, पण दर महिन्याला चार-पाच दिवस १७०-१९०. "गोड खाल्लं असशील," हे तिने घरी वर्षानुवर्षं ऐकलं. मागच्या एका भेटीत सिस्टर तीन महिन्यांची पानं उलटत राहिल्या. चढे आकडे दर वेळी लाल टिंबाच्या अगदी आधी.

बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि पुष्कळ बायकांच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. सगळ्यांच्या नाही, म्हणून तर वही हवी. डॉक्टरांनी रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्शुलिन त्या पाच दिवसांपुरतं २० युनिटांवरून २२ केलं. फक्त दोन युनिट.

पण पाळी सुरू होताच प्रोजेस्टेरॉन उतरलेलं असतं. गेल्या महिन्यात ती डोस उतरवायला विसरली, दुसऱ्या रात्री २२च घेतले. पहाटे तीनला घामाने जाग आली, शुगर ५८. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली. "वाढवलेले दोन युनिट पाळीच्या पहिल्याच दिवशी मागे घ्यायचे, ताई," सिस्टर म्हणाल्या. वहीत त्यांनी '२२' खोडून '२०' लिहिलं.

शेजारी अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका बसल्या होत्या, त्याही इन्शुलिनवर. त्यांच्या वहीत टिंबं विस्कटलेली, कधी तीन आठवड्यांनी, कधी अडीच महिन्यांनी. पाळी जायला आली की हार्मोन्स अनियमित चढतात-उतरतात. कोणत्या दिवशी डोस वाढवायचा, हे ठरवता येत नाही. त्यांना रात्री घाम फुटायचा, छाती धडधडायची. शुगर उतरली समजून त्या दर वेळी साखर खात, आणि सकाळी २४०.

सिस्टरनी त्यांना घाम आल्यावर आधी बोट टोचायला सांगितलं होतं. त्यानंतर घाम फुटला त्या रात्रीचा आकडा निघाला १४६. तो घाम पाळी जाण्याचा होता, साखरेची गरजच नव्हती. "मशीन हाताशी नसेल तर?" त्यांनी विचारलं. "मग साखर खायची. २४० परवडेल, ५८ नाही."

मला तेव्हापासून एकच खटकतंय. दवाखान्यातून मिळणाऱ्या त्या छापील वहीत उपाशीपोटीचा रकाना आहे, जेवणानंतरचा आहे, इन्शुलिनचा आहे. पाळीचा नाही. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या वहीत तो नसेल, तर आज तारखेशेजारी लाल टिंब द्या आणि तीन महिन्यांची पानं डॉक्टरांसमोर ठेवा. डोस त्यांच्याशी बोलूनच बदला.