पालची यात्रा, भंडारा आणि ‘एकच प्रीसेट’

सणाच्या सगळ्या फोटोंना एकच प्रीसेट लावला की अल्बम एकसारखा दिसतो, हा समज काही केल्या जात नाही. प्रीसेट म्हणजे साठवून ठेवलेल्या आकड्यांचा संच. फोटो उन्हातला की दिव्याखालचा, हे त्याला कळत नाही. सगळ्यांत सारखाच बदल झाला, तर मुळात निळसर आणि पिवळसर असलेल्या चेहऱ्यांतला फरक तसाच राहतो.

कराड तालुक्यातल्या पालच्या खंडोबा यात्रेत हे ठळकपणे दिसतं. पौषात होणारं खंडोबा-म्हाळसेचं लग्न गोरज मुहूर्तावर लागतं. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं, मावळतीनंतरचा संधिप्रकाश ७५०० च्याही वर, आणि मग एलईडी दिवे. त्यात भंडाऱ्याची उधळण. हळद निळा प्रकाश शोषते, त्यामुळे तिच्यावरून परतून चेहऱ्यावर पडणारा उजेडही पिवळा असतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हा पिवळेपणा दोष समजून निळा रंग वाढवतो. उधळण विरली की तो पुन्हा बदलतो, आणि लागोपाठच्या दोन फोटोंत एकाच माणसाची कांती वेगळी दिसते.

म्हणून व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर स्थिर ठेवून रॉ फाइल घ्यावी, आणि उजेड बदलेल तेव्हा करड्या कार्डाचा एक फोटो काढावा. नंतर फोटोंचे गट उजेडानुसार करावेत: ऊन, संधिप्रकाश, एलईडी. प्रत्येक गटातला एक नमुना फोटो कार्डावरून दुरुस्त करून तेवढाच बदल त्या गटाला द्यावा. मग तिन्ही नमुने शेजारी ठेवून आधी चेहऱ्यांचा उजळपणा जुळवावा, मग रंग. पांढऱ्या टोपीवर आयड्रॉपर टेकवू नये. ती भंडाऱ्याने पिवळी झालेली असते आणि तिलाच पांढरी मानून सॉफ्टवेअर अख्खा फोटो निळा करतं.

कोणत्याही वर्णाच्या त्वचेत, प्रकाश नीट असेल तर, लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो. स्वस्त एलईडीखाली हिरवा लालच्या जवळ येतो आणि चेहरा आजारी दिसतो. तिथे टिंट किंचित मॅजेंटाकडे न्यावी. गालावरचा भंडारा मात्र खरोखर पिवळा आहे, तो घालवू नये. रंग तपासायला कानामागची किंवा मानेची स्वच्छ त्वचा घ्यावी. एका गालावर संधिप्रकाश आणि दुसऱ्यावर दिवा असेल तर संपूर्ण फोटोचा बदल कामाचा नाही, मास्क लावूनच दुरुस्ती होते.

‘उजळ केलेला चेहरा म्हणजे बरोबर चेहरा’ हाही गैरसमजच. कोडॅकच्या जुन्या ‘शर्ली’ कार्डांवर गोरी स्त्री असे आणि रंगीत छपाई तिच्या कातडीवर बेतली जाई. जेपेगमध्येही एवढंच सुधारता येतं, हे खरं नाही. निळ्या वाहिनीतला गेलेला तपशील परत येत नाही. आणि मोबाइलचा ‘नाइट मोड’ चालू ठेवून त्याच्या पिवळट पडद्यावर रंग ठरवले, तर ते छापून आल्यावर निळसरच दिसतात.