उजवीकडचा झिरो आणि बोडे आलेख

ट्रान्स्फर फंक्शनवरून बोडे आलेख हाताने काढताना वक्रांऐवजी सरळ रेषा पुरतात. आडव्या अक्षावर वारंवारता लॉग प्रमाणात घेतली, की प्रत्येक पोल किंवा झिरो रेषेचा उतार बदलतो आणि मग नुसती बेरीज उरते. मात्र झिरो s-प्रतलाच्या उजव्या अर्ध्यात असेल, तर मॅग्निट्यूडच्या आलेखात त्याचे उजवेपण दिसतच नाही. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये असा झिरो हमखास भेटतो: ड्यूटी सायकल वाढवली की आउटपुट व्होल्टेज आधी किंचित खाली जाते आणि मगच चढते.

उदाहरणासाठी हे फंक्शन घेऊ:

```
G(s) = 100(1 − s/100) / [(1 + s)(1 + s/10)(1 + s/1000)]
```

प्रत्येक अवयव 1 ने सुरू होतो, हे महत्त्वाचे. झिरो (s − 100) असा लिहिला तर त्यातले उणे चिन्ह नजरेतून सुटते आणि फेजचा आलेख 180 अंशांनी चुकतो.

आधी मॅग्निट्यूड. गेन 100, म्हणजे 40 डेसिबल. 1 रेडियन प्रतिसेकंदापर्यंत रेषा सपाट. तिथे पहिला पोल लागतो आणि रेषा दर दशकाला 20 डेसिबल उतरू लागते. 10 वर ती 20 डेसिबलला येते. दुसऱ्या पोलमुळे उतार दुप्पट होतो, म्हणून 100 वर उणे 20. इथे झिरो उतार पुन्हा 20 वर आणतो. 1000 वर रेषा उणे 40 ला पोचते आणि तिसऱ्या पोलनंतर उतार परत 40 होतो. झिरो डावीकडे असता, तरी हीच रेषा निघाली असती.

फेजमध्ये प्रत्येक पोल आपल्या वारंवारतेच्या एक दशक आधीपासून एक दशक नंतरपर्यंत दर दशकाला 45 अंश खाली नेतो. डावीकडचा झिरो तेवढेच वर उचलतो. उजवीकडचा मात्र पोलसारखाच खाली ओढतो. म्हणून 0.1 पर्यंत शून्य असलेली फेज 1 वर उणे 45, 10 वर उणे 135, 100 वर उणे 225, 1000 वर उणे 315 आणि 10,000 वर उणे 360 होते.

आता हे फंक्शन एकक फीडबॅकच्या लूपचा गेन मानले, तर खरा धोका कळतो. मॅग्निट्यूडची रेषा शून्य डेसिबलला छेदते ती सुमारे 31.6 वर, आणि तिथे फेज नेमकी उणे 180 आहे. फेज मार्जिन उरलेच नाही. लूप आंदोलनांच्या उंबरठ्यावर उभा आहे. झिरो डावीकडे असता, तर अचूक गणिताने सुमारे 35 अंशांचे मार्जिन मिळाले असते.

गेन 10 वर आणला की सगळी मॅग्निट्यूड रेषा 20 डेसिबल खाली सरकते, फेज जागेवर राहते. छेद 10 वर येतो आणि मार्जिन 45 अंश होते. मात्र 10 हाच पोलचा कोपरा असल्याने तिथे खरा वक्र रेषेपेक्षा 3 डेसिबल खाली असतो. प्रत्यक्ष छेद थोडा आधी, सुमारे 8 वर पडतो आणि मार्जिन किंचित वाढते.