तीन महिन्यांचे पैसे आधी

दुकानं, दवाखाने आणि शिकवण्यांसाठी इन्स्टाग्रामच्या पोस्ट करून देणारी माणसं आता तालुक्याच्या गावातही सापडतात. त्यांचं काम दर महिन्याचं असतं, पण पैसे मात्र दर महिन्याला येतीलच असं नाही. दहा पोस्ट दिल्यावर बिल जातं, "शेठ गावाला गेलेत" असं उत्तर येतं आणि घरभाड्याची तारीख टळून जाते. म्हणून अनेक जण तीन महिन्यांचे पैसे आधी घेऊन थोडी सवलत देऊ लागले आहेत. व्यवस्था चांगली आहे, पण सवलत किती द्यायची आणि काम मधेच थांबलं तर पैसे कसे परत करायचे, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं हवं.

समजा, महिन्याला दहा पोस्टचे ८,००० रुपये, म्हणजे पोस्टला ८०० पडतात. तीन महिन्यांचे २४,००० होतात. पाच टक्के सूट दिली की २२,८००, म्हणजे पोस्टला ७६०. एरवी पैसे प्रत्येक महिन्याच्या अखेरीस मिळाले असते, म्हणजे आता ते सरासरी दोन महिने आधी हातात आले. दोन महिन्यांसाठी २२,८०० रुपयांवर १,२०० सोडले, तर वर्षाच्या हिशेबाने तो व्याजदर तीस टक्क्यांच्या वर जातो. दहा टक्के सूट दिली तर तो साठच्याही पुढे. ग्राहक खरोखरच पैसे लांबवणारा असेल, तर पाच टक्के सोसतात, कारण मागे लागण्याचा वेळही वाचतो. वेळेवर पैसे देणाऱ्याला मात्र तीन टक्के पुरे आहेत. त्याच्याकडून तुम्हाला फारसं नवं काही मिळत नाही.

आता खरी जोखीम. आलेले २२,८०० रुपये अजून कमावलेले नाहीत. काम पूर्ण होईपर्यंत ते ग्राहकाचं देणं आहे. वेगळं बचत खातं उघडून सगळी आगाऊ रक्कम त्यात ठेवावी आणि महिनाअखेर जितक्या पोस्ट दिल्या तितकेच पैसे घरखर्चाच्या खात्यात वळवावेत. पहिल्या महिन्यात दहा पोस्ट दिल्या तर ७,६०० काढायचे, वीस पोस्टचे १५,२०० तिथेच राहायचे. दर महिन्याच्या एक तारखेला हीच तपासणी करायची: सगळ्या ग्राहकांच्या उरलेल्या कामाची किंमत आणि त्या खात्यातली शिल्लक जुळते का? शिल्लक कमी असेल, तर पुढच्या महिन्याचं पोट आजच भरलं गेलं आहे.

सगळ्या ग्राहकांची तिमाही एकाच वेळी सुरू करण्याची चूकही सहज होते. सहा ग्राहकांनी एप्रिलमध्येच पैसे दिले तर १,३६,८०० एकदम येतात आणि जुलैपर्यंत एक रुपयाही नाही. दर महिन्याला दोघांची तिमाही सुरू झाली, तर दर महिन्याला ४५,६०० येत राहतात. सुरुवातीला काहींना एका किंवा दोन महिन्यांचंच पॅकेज देऊन हे बसवता येतं.

काम थांबलं की वाद होतो तो दरावरून. समजा चौदा पोस्ट झाल्या आणि मिठाईवाल्याने दुकानच बंद केलं. सूट तीन महिन्यांच्या बोलीवर होती, म्हणून झालेलं काम मूळ दराने धरायचं: चौदा गुणिले ८०० म्हणजे ११,२००. परत द्यायचे ११,६००. थांबणारे तुम्ही असाल, आजारपण असो की नोकरी, तर सूट ग्राहकाचीच राहायला हवी: चौदा गुणिले ७६० म्हणजे १०,६४०, परत १२,१६०. दोन्हींत फरक ५६० रुपयांचा आहे, पण तो आधी लिहिलेला नसेल तर तेवढ्यासाठी वर्षांचं नातं तुटतं. मसुदा दाखवून झाला पण मंजुरी आली नाही, अशा पोस्टचे अर्धे पैसे धरायचे की नाही, तेही लिहावं. परतावा किती दिवसांत, हेही. दहा दिवस ठीक वाटतात.

"भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असं छापणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की १८७२च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम ७४ नुसार करारात दंड लिहिला असला, तरी मिळते ती वाजवी भरपाईच. न केलेल्या सोळा पोस्टचे पैसे ठेवून घेणं मला तरी सरळ अन्याय वाटतो.

सगळ्यात चिवट अडचण ग्राहकाच्या बाजूने येते. तो फोटोच पाठवत नाही, महिना निघून जातो आणि दिवाळीच्या आठवड्यात साचलेल्या बारा पोस्ट एकदम मागतो. यावर उपाय म्हणजे राहिलेल्या पोस्ट फक्त पुढच्याच महिन्यात आणि चारपर्यंतच नेता येतील असं ठरवणं, आणि फोटो मागितल्याचा व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवणं.

जीएसटीची नोंदणी असेल, तर सेवेसाठी आगाऊ घेतलेल्या रकमेवर कर ती हातात आल्यावरच लागू होतो, त्यामुळे कराचा वाटा वेगळा काढूनच वरचे हिशेब करावेत. पैसे परत करताना बिल दिलेलं नसेल तर रिफंड व्हाउचर आणि बिल दिलेलं असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते.